तूप सोडलं, तरी ट्रायग्लिसराइड वाढलंच! रक्तातील चरबीच्या रिपोर्टमधला कोणता आकडा कोणत्या खाण्याने हलतो?

गावात आरोग्य शिबिर झाले किंवा तालुक्याच्या लॅबमधून रिपोर्ट आला की मोबाईलवर पीडीएफ येते. त्यात चार-पाच आकडे असतात, दोन-तीन आकड्यांपुढे ठळक खूण असते. घरात एकच निष्कर्ष निघतो, ‘कोलेस्टेरॉल वाढलंय, तूप बंद करा.’ मग तूप जाते, शेंगदाण्याचे कूट जाते, अंडी जातात. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले तर आकडा जिथल्या तिथे, कधी कधी आणखी वर.

असे होण्याचे कारण साधे आहे. रिपोर्टमधला प्रत्येक आकडा वेगळ्या खाण्याने हलतो. तूप आणि साय यांचा जोर एका आकड्यावर चालतो, साखर आणि दारूचा दुसऱ्याच आकड्यावर. कोणता आकडा वाढला आहे हे न बघता पथ्य धरले तर उपास घडतो, उपयोग होत नाही.

आकडे कशाचे असतात?

या तपासणीला लिपिड प्रोफाइल म्हणतात. लिपिड म्हणजे चरबी. चरबी पाण्यात विरघळत नाही, तशी ती रक्तातही विरघळत नाही. म्हणून शरीर तिला प्रथिनाच्या बारीक पुड्यांत बांधून रक्तातून फिरवते. रिपोर्टमधले एलडीएल, एचडीएल आणि व्हीएलडीएल ही या पुड्यांची नावे आहेत.

एलडीएलची पुडी यकृताकडून निघालेले कोलेस्टेरॉल शरीरभर पोहोचवते. या पुड्या गरजेपेक्षा जास्त झाल्या की त्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीत शिरून साचतात. वर्षानुवर्षे थर वाढत जातो. हृदयाच्या वाहिनीत तो थर फुटून गुठळी झाली तर हार्ट अटॅक आणि मेंदूच्या वाहिनीत झाली तर अर्धांगवायू. म्हणून एलडीएलला ‘खराब कोलेस्टेरॉल’ म्हणतात.

एचडीएलची पुडी उलटा प्रवास करते. ठिकठिकाणचे जादा कोलेस्टेरॉल गोळा करून ती यकृताकडे परत आणते. म्हणून ते ‘चांगले’.

ट्रायग्लिसराइड हे कोलेस्टेरॉल नाही. ती शरीराची साठवणीची चरबी आहे. खाल्लेले अन्न कामात खर्च झाले नाही तर यकृत त्यातून ही चरबी तयार करते आणि व्हीएलडीएलच्या पुडीत भरून रक्तात सोडते. म्हणजे न खपलेल्या अन्नाचा हिशेब इथे दिसतो.

कोणता आकडा किती असावा?

सगळे आकडे ‘मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर’ या मापात असतात, म्हणजे १०० मिली रक्तात किती मिलिग्रॅम.

- एकूण कोलेस्टेरॉल: २०० पेक्षा कमी ठीक. २४० आणि त्यापुढे जास्त.
- एलडीएल: धडधाकट माणसाचा १०० च्या आत असावा. १६० च्या पुढे जास्त, १९० च्या पुढे फार जास्त.
- ट्रायग्लिसराइड: १५० च्या आत ठीक. २०० ते ४९९ जास्त. ५०० च्या पुढे धोक्याचे.
- एचडीएल: पुरुषांत ४० पेक्षा कमी आणि बायकांत ५० पेक्षा कमी असेल तर तो कमी समजतात. हा एकच आकडा असा, की जो कमी झाला तर वाईट.

इथे एक मोठी चूक होते. लॅबच्या रिपोर्टवर छापलेली मर्यादा सगळ्यांना एकच असते, पण एलडीएलची मर्यादा माणसागणिक बदलते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक आकडे जाहीर केले. त्यानुसार कमी धोका असलेल्याने एलडीएल १०० च्या खाली ठेवायचा, शुगर किंवा बीपी असलेल्याने ७० च्या खाली आणि ज्याला अटॅक किंवा अर्धांगवायू होऊन गेला आहे त्याने ५५ च्या खाली. म्हणजे शुगरच्या पेशंटच्या रिपोर्टमध्ये एलडीएल ९५ असेल, तर त्यापुढे खूण नसेल, तरी तो त्याच्यासाठी जास्तच आहे.

एकूण कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून फारसे काही ठरवू नये. त्यात चांगले-वाईट सगळे मिसळलेले असते. त्यापेक्षा एकूण आकड्यातून एचडीएल वजा करावा. उरते ते सगळे खराब कोलेस्टेरॉल. याला ‘नॉन एचडीएल’ म्हणतात. हा आकडा एलडीएलच्या मर्यादेपेक्षा ३० ने जास्त चालतो, म्हणजे कमी धोक्याच्या माणसाला १३० च्या आत.

आपल्याकडे बिघाड कुठे जास्त?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या पाहणीत पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रासह तमिळनाडू, झारखंड आणि चंदिगड इथल्या लोकांचे रक्त तपासले गेले. २०१४ मध्ये छापून आलेल्या त्या निष्कर्षात दर १०० जणांमागे सुमारे ७२ जणांचे एचडीएल कमी होते, सुमारे ३० जणांचे ट्रायग्लिसराइड जास्त होते आणि एलडीएल मात्र सुमारे १२ जणांचेच जास्त निघाले.

म्हणजे आपल्याकडे वरचेवर दिसणारा बिघाड हा तुपाच्या आकड्याचा नाही. तो साखर, भात-पोळीचे प्रमाण, दारू, बैठे काम आणि सुटलेले पोट यांच्याशी जोडलेल्या आकड्यांचा आहे. आणि पथ्य मात्र घरोघरी तुपाचेच चालते.

एकाच घरातले दोन रिपोर्ट

हे नीट समजावे म्हणून एका शेतकरी घराचे उदाहरण घ्यावे. उदाहरण रचलेले आहे, पण असे रिपोर्ट रोज निघतात. मुलगा ४५ वर्षांचा, पोट सुटलेले. आई ६४ वर्षांची, अंगाने बारीक, दहा वर्षांपासून बीपीची गोळी चालू.

मुलाचा रिपोर्ट: एकूण २१२, ट्रायग्लिसराइड २९०, एचडीएल ३४, एलडीएल १२०.
आईचा रिपोर्ट: एकूण २४२, ट्रायग्लिसराइड १२५, एचडीएल ४९, एलडीएल १६८.

घरात ठरले, ‘दोघांचंही कोलेस्टेरॉल वाढलंय.’ तूप, शेंगदाणे आणि अंडी तिघांनाही रजा मिळाली. भूक लागली की मुलगा चहाबरोबर बिस्किटे खाऊ लागला, कारण ‘त्यात तेल-तूप नाही’. तीन महिन्यांनी त्याचे ट्रायग्लिसराइड ३१० झाले.

त्याच्या रिपोर्टमध्ये मुख्य बिघाड होता ट्रायग्लिसराइडचा आणि कमी एचडीएलचा. हे दोन बिघाड बहुधा जोडीनेच येतात. आईचा बिघाड होता एलडीएलचा. दोघांना एकच पथ्य देणे म्हणजे तापाच्या आणि मोडलेल्या हाताच्या पेशंटला एकच गोळी देण्यासारखे झाले.

ट्रायग्लिसराइड: साखर, दारू आणि ताटातला ढीग

मुलाच्या दिवसाचा हिशेब मांडला की गोष्ट उघड होते. घरचा, शेतावरचा आणि स्टँडवरचा मिळून दिवसाला सहा चहा. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर बारा चमचे, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम. नुसत्या चहातून महिन्याला जवळजवळ पावणेदोन किलो साखर पोटात जाते. त्यावर बिस्किटे, उन्हात एखादे कोल्ड्रिंक किंवा उसाचा रस. रसाच्या एका ग्लासात पाच-सहा चमचे साखर सहज असते. रस ताजा असला आणि घरच्या उसाचा असला, तरी यकृताच्या दृष्टीने ती साखरच.

गुळाचेही तसेच. ‘साखर सोडली, गुळाचा चहा घेतो’ असे सांगणारे पुष्कळ आहेत. गुळात थोडी खनिजे जास्त असतात, पण बहुतांश भाग साखरेचाच असतो. ट्रायग्लिसराइडला त्याने फरक पडत नाही.

दुसरा मुद्दा दारूचा. यकृत दारू पचवायला लागले की चरबी जाळायचे काम मागे पडते आणि नवी चरबी तयार व्हायला लागते. आठवड्यातून तीनदा क्वार्टर आणि बरोबर तळलेला चखणा, एवढ्यानेही काही जणांचा आकडा दोनशे-तीनशेच्या घरात जातो. ज्याचे ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे आहे त्याने दारू पूर्ण बंदच करायची असते. देशी असो, इंग्लिश असो की बिअर, सगळ्यात अल्कोहोलच आहे.

तिसरा मुद्दा भात, पोळी, पाव यांच्या प्रमाणाचा. दिवसभर खुरपणी, नांगरट करणाऱ्याला चार भाकरी पचायच्या. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, शेतावर जायला मोटारसायकल आहे, पण ताट तेवढेच राहिले आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा केव्हाही चांगली. मात्र चार भाकऱ्यांवर भाताचा ढीग आला तर जादाचा भाग चरबीच होतो. निम्मे ताट भाजी-कोशिंबिरीचे, पाव ताट उसळ-डाळीचे किंवा अंडी-माशाचे आणि उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात, अशी मांडणी केली की पोट भरते आणि आकडा उतरतो.

मासे खाणाऱ्यांना इथे एक फायदा आहे. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतली चरबी ट्रायग्लिसराइड उतरवायला मदत करते. आठवड्यातून दोनदा रस्सा करून किंवा कमी तेलावर भाजून खावेत. तळून खाल्ले तर फायदा कमी होतो.

ट्रायग्लिसराइडची चांगली बाजू ही, की ते जसे लवकर चढते तसे लवकर उतरते. उदाहरणातल्या मुलाने चहा दोनवर आणि साखर अर्ध्या चमच्यावर आणली, कोल्ड्रिंक आणि दारू सोडली, रात्रीचा भात निम्मा केला आणि रोज सकाळी पाऊण तास भरभर चालायला लागला. तूप मात्र जेवणात एक चमचा पुन्हा सुरू केले. तीन महिन्यांत वजन पाच किलोने उतरले आणि रिपोर्ट आला: ट्रायग्लिसराइड १८०, एचडीएल ३७, एलडीएल ११८. पूर्ण ठीक नाही, पण ३१० वरून १८० हा उतार औषधाशिवाय झाला. एवढा फरक ट्रायग्लिसराइडच्या बाबतीत नवलाचा नाही.

एलडीएल: साय, वनस्पती तूप, पामतेल आणि खारी

आता आईचा आकडा. एलडीएल सर्वांत जास्त हलतो तो संतृप्त चरबीने, म्हणजे दुधाची चरबी, वनस्पती तूप, पामतेल, खोबरेल आणि मटणाची चरबी यांनी. ही चरबी जास्त झाली की यकृत रक्तातल्या एलडीएलच्या पुड्या परत उचलायचे काम मंद करते. पुड्या रक्तातच फिरत राहतात.

आईने तूप सोडले होते, पण म्हशीचे दूध चालू होते. डेअरीत दूध घालणाऱ्याला हे गणित लगेच कळेल. साडेसहा फॅट लागले म्हणजे १०० मिली दुधात साडेसहा ग्रॅम चरबी. २०० मिलीच्या एका पेल्यात १३ ग्रॅम. एक लहान चमचा तूप म्हणजे ५ ग्रॅम. म्हणजे निरशा दुधाचा एक पेला प्यायला की अडीच चमचे तुपाइतकी चरबी पोटात गेली. आई सकाळ-संध्याकाळ एकेक पेला घेत होती, वर भाकरीबरोबर साय. तुपाचा एक चमचा बंद करून पाच चमचे चालू राहिले होते.

उपाय दूध सोडण्याचा नाही. दूध तापवून गार करायचे, जमलेली साय पूर्ण काढायची, आणि शक्य असेल तर पुन्हा एकदा तेच करायचे. साडेतीन फॅटचे गाईचे दूध घेतले तरी चरबी जवळजवळ निम्मी होते. दही आणि ताक सायीशिवायच्या दुधाचे करावे.

दुसरी लपलेली जागा म्हणजे बेकरी आणि फरसाण. खारी, टोस्ट, नानकटाई यांत वनस्पती तूप किंवा मार्गारिन असते. जुन्या वनस्पती तुपात ट्रान्स फॅट नावाची चरबी फार असायची. ती एलडीएल वाढवते आणि एचडीएलही पाडते, म्हणून सगळ्यात वाईट. सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ पासून तेल-तुपातील तिचे प्रमाण २ टक्क्यांवर आणले आहे. पण आता तिथे बहुधा पामतेलाची घट्ट चरबी आली आहे आणि एलडीएल तिनेही वाढतेच. शेव, चिवडा, वेफर यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात ‘पामोलिन’ लिहिलेले असते, ते वाचून बघावे. शिवाय वडे-भज्यांच्या कढईत तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यातही ट्रान्स फॅट तयार होऊ शकते.

घरच्या तेलाबद्दल मोठा घोळ आहे. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन या तेलांत संतृप्त चरबी कमी असते. पामतेलात ती जवळजवळ निम्मी असते, खोबरेलात त्याहून खूप जास्त. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असे डब्यावर लिहिलेले असले तर त्याचे अप्रूप नको. कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासून आलेल्या अन्नात असते, त्यामुळे कोणत्याच वनस्पतीच्या तेलात ते लक्षणीय नसते. पामतेलाच्या डब्यावरही ते लिहिता येते. घाण्याचे असो वा रिफाइंड, माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर हे प्रमाण पुरे. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर तेल जास्त जाते आहे.

एलडीएल कमी करणाऱ्याही गोष्टी आहेत. मटकी, हरभरा, चवळी, मसूर, मेथीदाणे, सातू यांत एक प्रकारचा चिकट तंतू असतो. यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्त तयार करते. हा तंतू आतड्यात त्या पित्ताला धरतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. मग नवे पित्त करायला यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढावे लागते. इसबगोल याच रीतीने काम करतो. रोज दोन मोठे चमचे भुसा भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास एलडीएल थोडा, साधारण पाच ते सात टक्के उतरतो. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. शेंगदाणे आणि जवस हेही एलडीएलच्या बाजूने वाईट नाहीत, उलट चांगले. मूठभर शेंगदाणे सोडून खारी खाणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

अंड्याचे काय? अंड्याच्या पिवळ्या भागात कोलेस्टेरॉल असते हे खरे. पण रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवते, खाल्लेल्याचा परिणाम संतृप्त चरबीपेक्षा कमी असतो. धडधाकट माणसाला दिवसाला एक अंडे चालते. शुगर किंवा हृदयविकार असलेल्याने पिवळा भाग किती खावा हे डॉक्टरांना विचारावे.

साय काढणे, खारी बंद, रोज उसळ आणि इसबगोल, एवढे केल्यावर उदाहरणातल्या आईचे एलडीएल तीन महिन्यांत १६८ वरून १४७ वर आले. खाण्याने एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्केच उतरतो, ही त्याची मर्यादा आहे. आईला बीपी आहे, त्यामुळे तिचा आकडा ७० च्या खाली हवा. तिथपर्यंत नुसत्या पथ्याने पोहोचता येत नाही. तिला स्टॅटिन नावाच्या गटातली गोळी लागली. या गोळीने एलडीएल ३० ते ५० टक्के उतरतो.

एचडीएल: ताटाने फारसे हलत नाही

एचडीएल वाढवणारा असा एकही खाद्यपदार्थ नाही की ज्यावर भरवसा ठेवावा. विडी-सिगारेटने ते पडते आणि सोडल्यावर काही आठवड्यांत सुधारू लागते. नियमित चालण्याने आणि पोट कमी झाल्याने थोडे वाढते. ट्रायग्लिसराइड उतरले की त्याच्याबरोबर एचडीएलही दोन-चार अंकांनी वर येते, मुलाच्या रिपोर्टमध्ये झाले तसे.

‘दारूने चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं’ हे पारावर हमखास ऐकू येते. आकडा थोडा वाढतो हे खरे, पण त्यामुळे अटॅक टळतो असे नाही. एचडीएल वाढवणारी औषधे देऊन बघितली गेली, आकडा वाढला, पण त्या वाढीमुळे अटॅक कमी झाले असे दिसले नाही. शिवाय तीच दारू ट्रायग्लिसराइड, बीपी आणि यकृत बिघडवते.

रक्त देताना होणाऱ्या चुका

कधी कधी आकडा खरा नसतो, कारण रक्त चुकीच्या वेळी दिलेले असते. जेवल्यावर काही तास ट्रायग्लिसराइड चढलेले असते. त्यामुळे ते जास्त आलेले असेल तर पुन्हा तपासताना ९ ते १२ तास उपाशी राहावे. साधे पाणी चालते, चहा चालत नाही. आदल्या रात्री लग्नाचे जेवण, मटण किंवा दारू झाली असेल तर दोन-तीन दिवस थांबून जावे. एलडीएल आणि एचडीएलमध्ये जेवणाने फारसा फरक पडत नाही.

मोठा ताप, ऑपरेशन किंवा अटॅक यानंतर काही आठवडे एलडीएल खोटा कमी दिसतो. गरोदरपणात सगळेच आकडे वाढतात, तेव्हा घाबरू नये.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, गणित करून काढतात. ट्रायग्लिसराइडला ५ ने भागायचे, ते आणि एचडीएल एकूण आकड्यातून वजा करायचे. मुलाच्या पहिल्या रिपोर्टमध्ये २९० भागिले ५ म्हणजे ५८. मग २१२ वजा ३४ वजा ५८, उत्तर १२०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेले की हे गणित चुकते. अशा वेळी लॅबमध्ये ‘डायरेक्ट एलडीएल’ मागावा किंवा नॉन एचडीएल बघावा.

एका रिपोर्टवरून घाबरून जाऊ नये आणि निर्धास्तही होऊ नये. ट्रायग्लिसराइड दिवसागणिक बरेच वर-खाली होते. पथ्याचा परिणाम बघायचा तर तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये तपासावे.

इथे पथ्यावर थांबू नये

- एलडीएल १९० च्या पुढे असेल तर तो बहुधा खाण्याचा दोष नसतो, घराण्यातून आलेला असू शकतो. भाऊ, बहीण आणि मुलांचीही तपासणी करावी.
- ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे असेल तर लगेच डॉक्टरांकडे जावे. ते हजाराच्या घरात गेले की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पोटाच्या वरच्या भागात पाठीत जाणारी जोराची कळ आणि उलट्या ही त्याची खूण आहे. ‘पित्त झालंय’ म्हणून घरी थांबू नये, सरळ रुग्णालय गाठावे.
- आकडा अचानक वाढला असेल तर आधी शुगर आणि थायरॉईड तपासावे. थायरॉईड मंद असेल तर एलडीएल वाढतो आणि शुगर हाताबाहेर असेल तर ट्रायग्लिसराइड. मूळ दुखणे आटोक्यात आले की हे आकडे बरेचसे उतरतात.
- रिपोर्ट चांगला आला म्हणून स्टॅटिनची गोळी स्वतःहून बंद करू नये. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो. ती सोडली की काही आठवड्यांत तो पुन्हा होता तिथे जातो. अंगदुखीसारखा त्रास झाला तर डॉक्टर गोळी किंवा तिचा डोस बदलून देतात.

डॉक्टरांकडे जाताना नवा आणि जुना असे दोन्ही रिपोर्ट न्यावेत, चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत आणि दिवसाचे चहा, दूध, तेल आणि दारू यांचा खरा हिशेब सांगावा. पहिला प्रश्न ‘काय बंद करू?’ असा न विचारता ‘माझा नेमका कोणता आकडा बिघडलाय आणि माझ्यासाठी तो किती हवा?’ असा विचारावा.